तासावर भाड्याचं किचन की घरीच भट्टी? अनुभव सांगा

मंजिरी (डोंबिवली)

घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या बऱ्याच जणींना सध्या हा प्रश्न पडलाय. तासावर किंवा शिफ्टवर भाड्याने मिळणारी किचन आता ठाणे-पुण्यात सहज सापडतात. तिथे मोठी भट्टी, चिमणी, स्टीलची टेबलं सगळं तयार असतं. दुसरीकडे घरात एक खोली नीट बांधून काढली की रोजचं भाडं नाही आणि वेळेचं बंधनही नाही. ज्यांनी दोन्हीपैकी काही केलंय त्यांनी कृपया लिहा. काय बनवत होतात, किती, आणि खर्च नेमका कुठे झाला, एवढं आलं तरी सगळ्यांना उपयोग होईल.

सुरुवात मी करते. माझा माल म्हणजे दिवाळीचा फराळ, त्यातही मुख्य चकली. घरच्या शेगडीवर, दोन लिटर तेलाच्या कढईत एका घाण्याला दहा चकल्या निघतात. मध्यम आचेवर एक घाणा सहा-सात मिनिटं घेतो, म्हणजे तासाला जेमतेम दीड किलो. ऑफिसांच्या ऑर्डर यायला लागल्यावर हे पुरेना. म्हणून गेल्या हंगामात आठ तासांची शिफ्ट घ्यायला लागले, तासाला 350 रुपये, शिफ्टचे 2,800. गॅस वेगळा. सिलिंडर सुरुवातीला वजनकाट्यावर ठेवतात, जाताना पुन्हा ठेवतात आणि फरकाचे पैसे घेतात.

तिथल्या मोठ्या कढईत, सोऱ्यावर दोघीजणी असल्या की तासाला पाच किलो निघतात. पण आठ तासांचे चाळीस किलो होत नाहीत. सामान उतरवणं, टेबल पुसणं, तेल तापणं यात पाऊण तास जातो. शेवटी साधारण सव्वा तास चकली गार होण्यात आणि घासपूस करण्यात जातो. चकली कोमट असताना पिशवीत भरली की आतल्या वाफेने सादळते, आणि ते दोन दिवसांनी गिऱ्हाईकाच्या घरी कळतं. हाताला गार लागली तरी मी एक मधून मोडून बघते, आतल्या वेढ्याला ऊब असेल तर अजून थांबायचं. म्हणजे तळणीला खरे सहा तास, माल तीस किलो, भाडं किलोमागे सुमारे 93 रुपये.

घरी करायचं तर दोन बर्नरची भट्टी, मोटरवाली चिमणी आणि तिचा पाइप, टेबल, मोठं सिंक, कढया असा अंदाज काढला, तो 1,30,000 च्या आसपास गेला. भाड्याच्या हिशोबात त्या झाल्या शेहेचाळीस शिफ्टा. दसरा ते दिवाळी असतात वीस दिवस. त्यात मला आठ-नऊपेक्षा जास्त शिफ्टा लागतच नाहीत. पाच वर्षांनी पैसे वसूल होणार आणि उरलेले अकरा महिने ती खोली अडकून पडणार.

म्हणून मी काम तोडलं. धान्य धुणं, वाळवणं, भाजणं, दळून आणणं हे सगळं घरी. तळणी फक्त तिथे. पॅकिंग परत घरी. चकली मोठ्या डब्यांत झाकण किलकिलं ठेवून आणते, म्हणजे गार होण्याचा थोडा वेळ टेम्पोत निघून जातो. माझ्यासाठी हे जमलं. पण रोजच्या पोळीभाजीवाल्यांचं गणित अगदीच वेगळं असणार. तुम्ही लिहा.

ऋजुता_केक्स (कोथरूड)

मंजिरीताई, गार होण्याचा मुद्दा केकलाही तसाच्या तसा लागू आहे. मी आधी चार तासांचा स्लॉट घ्यायचे. तिथला डेक ओव्हन नीट तापायला पाऊण तास. दोन ट्रे भाजून झाले की स्पंज जाळीवर किमान तासभर हवा, गरम स्पंजला क्रीम लागत नाही. म्हणजे चार तासांच्या भाड्यात दोन तास माझे हात रिकामे. मग मी तिथे फक्त स्पंज भाजून घरी आणू लागले आणि आयसिंग घरी करू लागले. न सजवलेला स्पंज क्लिंगफिल्ममध्ये गुंडाळून गाडीवर आरामात येतो. सजवलेला केक आमच्या रस्त्यावरच्या गतिरोधकांवरून आणणं अशक्य.

माझं काम बारा महिने चालतं, त्यामुळे शेवटी घरी ओव्हन घेतला. ओव्हनची किंमत सगळ्यांनी विचारली, विजेचं कोणीच विचारलं नाही, म्हणून ते लिहिते. सहा किलोवॅटचा ओव्हन घरच्या मंजूर भारावर चालत नाही. भार वाढवून घ्यावा लागला, मीटरपासून वेगळी वायर ओढावी लागली. दुसरं म्हणजे दर. आम्ही अर्ज केला तेव्हा महावितरणच्या दरपत्रकात असं होतं की घराच्या एका भागात व्यवसाय असेल तर महिन्याला 300 युनिट आणि आदल्या वर्षात 3600 युनिटपर्यंत घरगुती दर चालतो. ओव्हन सतत पूर्ण ताकदीने ओढत नाही, तरी रोज दोन तासांत सात-आठ युनिट जातात. महिन्याला ते झाले दोनशेच्या वर, घराचे आधीचे दीडशे. म्हणजे मर्यादा गेलीच. घरच्या सेटअपचा हिशोब मांडताना हा फरक धरा, तो दर महिन्याला येतो.

सागर_८८

इतका विचार कशाला? भाड्याच्या किचनचं स्वतःचं फूड लायसन्स असतं, त्यावर आपण माल बनवू शकतो. आणि घरी केलं तर 12 लाखांच्या खाली काहीच लागत नाही. माझी बहीण पाच वर्षं मोदक विकतेय, कोणी विचारलं नाही.

देशपांडे काका (नाशिक)

सागर, 12 लाखांचा आकडा मीही कागदांत वापरत आलोय, त्याचा अर्थ मात्र वेगळा आहे. मी बरीच वर्षं केटरिंगमध्ये होतो, आता नव्या लोकांचे कागद करून देतो. 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला लायसन्स लागत नाही, पण रजिस्ट्रेशन लागतंच, मग तुम्ही घरी चार डबे का देत असेना. अर्ज FoSCoS या सरकारी संकेतस्थळावर होतो आणि मी भरत आलोय ती फी वर्षाला 100 रुपये आहे. 14 अंकी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. कोणी विचारलं नाही हे खरं असेल. एखाद्याच्या पोटात दुखलं की मग विचारतात.

भाड्याच्या किचनचा कागद त्या मालकाच्या धंद्याचा असतो. तुम्ही तिथे तुमच्या नावाने, तुमच्या लेबलचा माल बनवता तेव्हा धंदा तुमचा, म्हणून नोंदणीही तुमची, आणि पत्ता जिथे पदार्थ बनतो तिथला. जागेचा पुरावा म्हणून मालकाकडून भाडेकरार आणि संमतीपत्र मागा. जो मालक हे द्यायला कां-कू करतो, तिथे शिफ्ट कितीही स्वस्त असो, मी जाऊ नका म्हणतो. तुम्ही तिथे आहात हे त्याला कागदावर नको असतं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट गॅसची. घरचा 14.2 किलोचा लाल सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, 19 किलोचा व्यावसायिक लागतो. पाइप गॅसची घरगुती जोडणीही घरापुरतीच. फ्लॅटमध्ये व्यावसायिक सिलिंडर आणायला बऱ्याच सोसायट्या तयार होत नाहीत, आणि मला त्यात त्यांचं चुकतं असं वाटत नाही. मंजिरीताईंच्या 1,30,000 मध्ये हा धरलाय का? तळणीचं काम स्वतंत्र घरात किंवा तळमजल्यावरच्या मागच्या अंगणाच्या खोलीत शोभतं. तिसऱ्या मजल्यावर चिमणीचा पाइप काढायचा कुठे? शेजाऱ्याच्या खिडकीत?

आणि तेल. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात जे पोलर घटक वाढतात त्यांना 25 टक्क्यांची मर्यादा आहे, 2018 च्या जुलैपासून. मोजायचं यंत्र प्रत्येकाकडे नसतं, पण डोळ्याला कळतं. तेलावर बारीक फेस येऊन तो बसत नाही, रंग काळपट होतो, थंड झाल्यावर मधासारखं जड ओघळतं, आणि नेहमीपेक्षा लवकर धूर धरतं. काही किचनमध्ये आधीच्या माणसाचं तेल कढईत ठेवून ‘वापरा ताई, चांगलं आहे’ म्हणतात. घेऊ नका. आपलं तेल आपण न्यायचं, उरलेलं आपण परत आणायचं.

नीलिमा (ठाणे)

माझा अनुभव वासाचा आहे. मी उपासाचे पदार्थ आणि बेसन लाडू करते. घेतलेल्या किचनमध्ये माझ्या आधीच्या शिफ्टला कोळंबीचं काम चालायचं. ते लोक अतिशय स्वच्छ होते, टेबल चकाचक करून जायचे. तरीही तुपाने वास धरला. लाडू तिथे खाल्ला तर काहीच कळत नाही, कारण आपलं नाकही त्याच वासात असतं. घरी आणून दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर कळलं. अख्खा घाणा घरात आणि मदतनीसांत वाटून टाकला.

तूप आणि लोणी उघडं ठेवलं की आजूबाजूचा वास ओढून घेतं. आता मी जागा ठरवायच्या आधी थोडं ताजं तूप वाटीत घालून तिथल्या फ्रिजमध्ये तासभर उघडं ठेवते आणि बाहेर मोकळ्या हवेत येऊन वास घेते. आणि विचारते की माझ्या आधीच्या शिफ्टला कोण असतं. उपासाचा किंवा जैन माल करणाऱ्यांनी हे विचारायलाच हवं, गिऱ्हाईक आपल्या शब्दावर खातं.

भांड्यांचंही सांगते. झारे, उलथणी, परात, सगळं माझं मी नेते. भांड्यांच्या दुकानात पूर्वीसारखं नाव घालून घेतलंय. सामायिक मोरीवर एकसारख्या पंधरा पराती असतात, तिथे नावाशिवाय आपली ओळखू येत नाही.

अमोल_पी

मी दोन वर्षं क्लाऊड किचन चालवलं, वाकडला. महिना 38,000 भाडं, अकरा महिन्यांचा करार, डिलिव्हरी ॲपचं कमिशन वेगळं. बिर्याणी आणि रोल. माझं मत, लोकेशनच सगळं ठरवतं. पाच किलोमीटरच्या आत ऑफिसं हवीत. नसतील तर घेऊ नका.

मंजिरी (डोंबिवली)

अमोल, माहितीबद्दल आभार, पण ते महिन्याने पूर्ण जागा घेणं झालं. इथे एकच किचन चारपाच जण तासांनी वाटून घेतात, त्याबद्दल चाललंय. तुमच्या त्या किचनमध्ये दुपारी दोन ते सहा रिकामा वेळ असायचा का? तो कोणाला दिला असतात का? मालकाच्या बाजूने काय अडचण येते हे कळलं तर बरं होईल.

काका, सिलिंडर धरला नव्हता. व्यावसायिक जोडणीची अनामत आणि दोन सिलिंडर धरले की अंदाज आणखी वर जाईल.

अमोल_पी

अच्छा, तसं होय. हो, दुपारी रिकामंच असायचं. एका ताईंना पुरणपोळीसाठी द्यायचा विचार होता. पण कराराप्रमाणे पोटभाडं चालत नव्हतं, आणि माझा मसाला, माझा फ्रिज, काही हललं तर जबाबदार कोण हे ठरेना. म्हणून दिलं नाही.

स्नेहल (देवगड)

कोकणातून लिहितेय. इथे प्रश्न उलटाच आहे. तुमच्याकडे माल तुमच्या वेळेवर बनतो, आमच्याकडे फळ पिकेल तेव्हा. बचतगटाची एक सामायिक प्रक्रिया जागा होती, आठवड्यात आमचे ठरलेले वार. मेच्या शेवटाला उकाडा वाढला की अढीतला आंबा एकदम तयार होतो. वार गुरुवारचा आणि आंबा सोमवारी तयार, अशा वेळी करणार काय? तीन दिवसांत देठाजवळ काळा पडतो, रसाला आंबूस वास येतो. तो रस कितीही आटवला तरी वास जात नाही. आंब्याचं तरी कॅनिंगला देता येतं, कारखान्यात आपला आंबा देऊन 850 ग्रॅमच्या डब्यांत रस भरून आणतात, डब्यामागे पैसे. आमच्या भागात ही पद्धत जुनी आहे आणि ज्याचा आंबा थोडा आहे त्याला आजही तीच परवडते.

फणसाला ती सोय नाही. फणसपोळीसाठी बरका फणस फोडला की गरे काढून त्याच दिवशी रस काढून ताटांत पसरायचा. वळवाचा पाऊस आला की ताटं आत, ऊन पडलं की बाहेर. हे काम कोणाच्या वारावर चालत नाही. म्हणून आम्ही घरामागे शेड घातली, पल्पर आणि छोटा ड्रायर घेतला. आम्ही अर्ज केला तेव्हा केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत कर्जाला जोडून 35 टक्के अनुदान मिळायचं, जास्तीत जास्त 10 लाख. पैसे आधी आपल्याला आणि बँकेला घालावे लागायचे, अनुदान मागाहून कर्जखात्याला यायचं. दरपत्रकं, जागेचा उतारा, प्रकल्प अहवाल, यात आमचा एक हंगाम गेला. ज्यांना पुढच्या मेसाठी करायचंय त्यांनी योजना चालू आहे का ते आधी विचारा आणि गणपतीनंतर लगेच कागदांना लागा.

कोकम आगळ मात्र अजूनही आम्ही गटाच्या जागेतच करतो. मीठ घातलेला कोकम दोन दिवसांनी हलवला काय किंवा तीन दिवसांनी, फारसं बिघडत नाही. त्याला वार चालतो.

मृण्मयी (सांगली)

मी किचनवाली नाही, मातीकाम करते, पण वाचताना सगळं ओळखीचं वाटलं. दुसऱ्याच्या भट्टीत शेल्फच्या हिशोबाने जागा घेऊन भांडी भाजते. आमच्याकडेही भाजण्यापेक्षा गार होणं जास्त वेळ खातं. बाराशे अंशांना गेलेली भट्टी शंभरच्या खाली येईपर्यंत उघडायची नसते, घाई केली की ग्लेझला तडे जातात, कधी भांडंच दुभंगतं. पण आमच्या भट्टीवाल्या ताई भाडं तासांवर न घेता शेल्फवर घेतात, त्यामुळे गार होण्याचे तास आमच्या डोक्यावर बसत नाहीत. किचनवाल्यांशी असं किलोवर ठरवता येत नाही का?

ऋजुता_केक्स (कोथरूड)

मृण्मयी, मी ट्रेवर ठरवायचं विचारलं होतं. मालक नाही म्हणाले, कारण माझे ट्रे गार होत असताना टेबल अडकतं. पण त्यांनी ट्रे ठेवायची चाकांची उभी मांडणी वापरायला दिली, ती बाजूच्या खोलीत ढकलायची आणि स्लॉट संपवायचा. तेवढ्याने माझा एक तास वाचला. जागा बघायला जाल तेव्हा अशी मांडणी आणि ती ठेवायला जागा आहे का, हे नक्की बघा.

केतकी (एडिसन, न्यू जर्सी)

इकडे बराच काळ निवड करायची सोयच नव्हती. न्यू जर्सीत घरी भाजलेला पदार्थ विकायला 2021 च्या ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली, बाकीच्या राज्यांत ती आधीच होती. त्याआधी मी नानकटाई आणि भाजलेल्या शंकरपाळ्यांसाठी एका चर्चचं किचन घ्यायचे. तासाला 25 डॉलर, पण कमीत कमी चार तास. दिवाळीत परवडायचं. एरवी दोन डझन नानकटाईच्या ऑर्डरसाठी शंभर डॉलर कोण भरणार? त्या ऑर्डर मी सोडूनच द्यायचे.

आता परमिट काढून घरी करते. वर्षाला 50,000 डॉलरच्या विक्रीपर्यंत चालतं आणि लेबलवर घरच्या किचनमध्ये बनवलंय असं लिहावं लागतं. पण फ्रिजमध्ये ठेवावा लागेल असा पदार्थ घरून विकता येत नाही. ओल्या नारळाच्या करंज्यांना खूप मागणी आहे, त्यासाठी आजही मला ते भाड्याचं किचनच लागतं. नारळाचं काम साठवून एकाच दिवशी करते, सकाळी सारण, दुपारी भाजणं, संध्याकाळी गिऱ्हाईक तिथूनच घेऊन जातं.

नीलिमा (ठाणे)

काका, एक शंका. मंजिरीसारखं भाजणी आणि पॅकिंग घरी, तळणी भाड्याच्या जागेत, असं असेल तर नोंदणी कोणत्या पत्त्यावर? मीही रवा-बेसन घरी भाजून नेते.

देशपांडे काका (नाशिक)

माझ्या मते दोन्ही पत्त्यांची नोंदणी हवी, कारण दोन्हीकडे अन्न हाताळलं जातंय. वर्षाला शंभर रुपयांचा प्रश्न आहे, मी लोकांना दोन्ही काढायला सांगतो. पॅकिंग तर नक्कीच त्यात येतं.

स्नेहल (देवगड)

काका, आम्हाला मात्र तालुक्याच्या शिबिरात सांगितलं की शेवटचा पदार्थ जिथे तयार होऊन पाकिटात जातो तो पत्ता पुरे, घरी धान्य भाजणं म्हणजे कच्च्या मालाची तयारी. आमच्या गटात निम्म्या जणींनी तसंच केलंय.

देशपांडे काका (नाशिक)

तोंडी सांगणं वेगळं आणि तपासणीला आलेला अधिकारी वेगळा. आपापल्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मीही पुढच्या आठवड्यात इथे अर्ज देऊन बघतो, काय आलं ते लिहीन.

मंजिरी (डोंबिवली)

मीही ठाण्याला विचारते. पॅकिंग घरी असल्यामुळे स्नेहलच्या हिशोबानेही माझा पत्ता घरचाच लागणार, मग तळणीच्या जागेचं काय, हेच नेमकं विचारायचंय. तोवर पोळीभाजीचे डबे देणाऱ्या कोणी असतील तर लिहा. रोज पहाटेची शिफ्ट मिळते का, आणि कणीक घरून मळून नेता की तिथेच मळता?

शुभदा (औंध)

डबे मी देते, चाळीस. पहाटे पाचची शिफ्ट मिळते, कारण ती कोणालाच नको असते, म्हणून दरही कमी लावतात. कणीक तिथेच मळते. उन्हाळ्यात घरून मळून नेली तर पोचेपर्यंत सैल पडते आणि पोळपाटाला चिकटते. भाज्या रात्री घरी निवडून, चिरून नेते, पालेभाजी सोडून. ती चिरून ठेवली की कडा काळ्या पडतात. मला अडचण येते ती सुट्टीची. किचनमालक सणाला बंद ठेवतात आणि डबेवाल्यांना सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डबा हवाच असतो. त्या दिवसांपुरती घरची शेगडी आणि एक इंडक्शन, चाळीसऐवजी पंचवीसच डबे घेते, आणि बाकीच्यांना आठवडाभर आधी कळवते.